ट्रेलरचं पहिलं वाक्य: इंदूरच्या एका मराठी पॉडकास्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरच्या एक ताई आणि त्यांचा मावसभाऊ, दोघांनी मिळून मराठीत पॉडकास्ट काढायचं ठरवलं. विषय असा की इंदूरच्या आजूबाजूच्या छोट्या गावांत ज्यांनी स्वतःचा धंदा सुरू केला त्यांचं पहिलं वर्ष, म्हणजे नंतर काय झालं ते नाही, फक्त पहिलं वर्ष आणि तेही जे अवघड गेलं ते. एडिटिंग माझ्याकडे होतं. इथे कुणाचं नाव देत नाही, पाहुण्यांच्या दोन्ही गावांची नावंपण बदलून देवास आणि महू लिहिलंय, बाकी जसं घडलं तसं.

मुलाखती आधीच झाल्या होत्या. देवासला लाकडी घाण्यावर शेंगदाण्याचं तेल काढणारे एक दादा, आणि महूला शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एक काकू, हे दोघं मुख्य. अजून दोघांशी बोलणं चालू होतं. दोन्ही मुलाखती तासाच्या वर, घरात किंवा दुकानात बसून केलेल्या, मागे पंखा, मधूनच स्कूटर, जे असायचं ते सगळं. एपिसोड यायच्या आधी एक ट्रेलर टाकायचा होता, कारण आरएसएस फीड, म्हणजे अ‍ॅप्स जिथून एपिसोड उचलतात ती यादी, एकदा अ‍ॅप्सवर मंजूर व्हायला त्यात निदान एक तरी ऑडिओ लागतो, आणि ताईंना पहिला एपिसोड घाईत जाऊ द्यायचा नव्हता. ट्रेलर म्हणजे मिनिटभराचं काम, एका संध्याकाळी होईल असं सगळ्यांना वाटलं, पण गाडी पहिल्या वाक्यावरच अडली.

अडचण

पहिला ड्राफ्ट ताईंनी लिहिला. आधी नऊ सेकंद म्युझिक, मग हे:

"नमस्कार मंडळी! आज प्रत्येकाला स्टार्टअप करायचाय. पण मोठी स्वप्नं काय फक्त मोठ्या शहरांतच बघितली जातात? छोट्या गावांतही जिद्द असते, संघर्ष असतो, आणि असते एक न संपणारी उमेद..."

वाचायला वाईट नव्हतं, आवाज तर ताईंचा फारच चांगला आहे. पण मी घड्याळ लावून ऐकलं तर पहिली ठोस गोष्ट, म्हणजे कुठल्यातरी माणसाने कुठेतरी काहीतरी केलं अशी, चाळिसाव्या सेकंदानंतर येत होती. तोवर फक्त जिद्द आणि उमेद.

मग एक साधी टेस्ट केली, आणि ही कुणालाही करता येईल. ओळखीतल्या सातआठ जणांना, ज्यांना प्रोजेक्टबद्दल काही माहीत नव्हतं, पहिले पंधरा सेकंद फोनच्या स्पीकरवर ऐकवायचे, थांबवायचं, आणि एकच प्रश्न: हे कशाबद्दल असेल? आवडलं का असं विचारायचं नाही, कारण आपली माणसं आवडलं असंच म्हणतात, घरचा पॉडकास्ट म्हटल्यावर नाही कोण म्हणणार. उत्तरं आली ती अशी, मोटिव्हेशनल काहीतरी, एकाला वाटलं कर्जाची जाहिरात, एक काका म्हणाले निवडणुकीचं आहे का. "छोट्या गावातले धंदे" हे एकानेही सांगितलं नाही, "पहिलं वर्ष" तर लांबच राहिलं.

माझ्या मते दोष असा होता की ते वाक्य या पॉडकास्टचं नव्हतंच. ते उचलून एखाद्या कोचिंग क्लासच्या किंवा बँकेच्या व्हिडिओवर लावलं असतं तरी चाललं असतं. ऐकणारा पहिल्या काही सेकंदांत काय करतो तर हा आवाज कुठल्या खणात टाकायचा ते ठरवतो, आणि "मोटिव्हेशन" हा खण एकदा उघडला की पुढे देवासचा घाणा आला तरी तो त्याच खणात जातो.

कुठले पर्याय होते

मावसभावाचं म्हणणं आकड्याने सुरू करूया. "नव्वद टक्के धंदे पहिल्याच वर्षी बंद पडतात", असलं काहीतरी. हे वाक्य सगळीकडे फिरतं पण त्याचा धड स्रोत आम्हाला सापडला नाही. जे नीट मोजलेलं मिळतं ते अमेरिकेतल्या सरकारी कामगार आकडेवारीचं, तिथे पहिल्या वर्षात साधारण पाचातलं एक आस्थापन बंद होतं, आणि त्या मोजणीत पगारी माणसं ठेवणारीच आस्थापनं येतात. आमच्या काकू एकट्या दोन मशीन घेऊन बसलेल्या, त्यांचा त्या आकड्याशी काय संबंध. शिवाय आमचे दोघंही पाहुणे बंद पडलेले नव्हतेच, दोघंही टिकले होते, मग बंद पडण्याच्या आकड्याने सुरू करणं म्हणजे ऐकणाऱ्याला एक गोष्ट सांगून दुसरी वाढणं. आकडा सोडून दिला.

दुसरा पर्याय, ताईंनी स्वतःची ओळख करून द्यायची, मी कोण, हे का करतेय. होस्ट आधीच नावाजलेला असेल तर चालतं. इथे आवाज कुणाच्या ओळखीचा नव्हता.

तिसरा, पाहुण्याच्याच आवाजातलं एक वाक्य, काही प्रस्तावना नाही, म्युझिक नाही, थेट. याच्यावर सगळ्यांचं पटकन जमलं. खरं भांडण इथून पुढे सुरू झालं, कारण वाक्य कोणाचं आणि कुठलं हे ठरेना.

निर्णयाची जागा एक: रडण्याची क्लिप

काकूंच्या मुलाखतीत एक भाग होता. युनिफॉर्मचा धंदा असा की ऑर्डरी एप्रिल-मे मधे येतात, शाळा जूनमधे उघडतात, तेवढ्यात सगळं शिवून द्यायचं. कापड इंदूरच्या एमटी क्लॉथ मार्केटमधून आणायचं आणि नवीन माणसाला तिथे उधारी कोण देतो, रोख मोजावे लागले. त्यासाठी काकूंनी बांगड्या गहाण ठेवल्या होत्या, घरी न सांगता. हे सांगताना त्यांचा आवाज गेला, आणि मग त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत, रेकॉर्डिंग चालूच होतं.

मावसभाऊ म्हणाला हेच, याच्यापुढे काही नाही, दहा सेकंदांत माणूस जागेवर खिळेल. खिळला असता, ते मलाही मान्य होतं. ताई नाही म्हणाल्या आणि त्यांची कारणं मला पटली. एक तर काकूंनी परवानगी दिली होती ती मुलाखतीला. मुलाखतीत ती गोष्ट तासाभराच्या बोलण्यात येते, आधी काय झालं नंतर काय झालं सगळं असतं, बांगड्या सोडवल्या तेही असतं. ट्रेलर मात्र शोच्या पानावर कायम वर राहतो, आणि त्याचे तुकडे व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे-मागे काही नसताना फिरतात. महूसारख्या ठिकाणी नाव न घेताही आवाज ओळखला जातो, आणि ज्यांच्यापासून बांगड्यांची गोष्ट लपवली होती ते पहिले ऐकणार.

दुसरं कारण जास्त कामाचं. ती क्लिप लावली तर ट्रेलर दुःखाचं वचन देतो. पण काकूंच्या मुलाखतीतला तीन चतुर्थांश भाग तर हिशोबाचा होता, कॉलरला किती कापड जातं, साइज २८ आणि ३० चं प्रमाण कसं चुकलं, आणि बऱ्याच ठिकाणी त्या स्वतःच हसतात. ट्रेलर ऐकून रडायला तयार होऊन आलेला माणूस तिथे काय करणार? ताईंनी विचारायला फोनपण केला नाही, म्हणाल्या विचारलं तर त्या भिडेखातर हो म्हणतील. हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे, आपल्याकडे भिडेने दिलेला होकार फार असतो.

निर्णयाची जागा दोन: दुकानदाराचं नाव

मग देवासच्या दादांकडे वळलो. त्यांच्याकडे एक तयार वाक्य होतं, मी आधीच मार्क करून ठेवलेलं, की अमुक किराणावाल्याने सात महिने पैसे दिले नाहीत. चांगलं टोकदार, पण त्यात दुकानाचं नाव. नाव वाक्याच्या बरोबर मधोमध. कापून बघितलं तर आवाजाची चढण मधेच तुटते, कानाला लगेच कळतं की इथून काहीतरी काढलंय, आणि जिथे काढलेलं कळतं तिथे लोकं काय काढलं तेच शोधतात.

दादांना विनंती केली की नाव न घेता तेच वाक्य परत बोलून पाठवा. त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच व्हॉइस नोट पाठवली. दोन अडचणी झाल्या. व्हॉट्सअ‍ॅपचा आवाज दाबून छोटा केलेला असतो, तो मूळ माइकच्या आवाजाशेजारी ठेवला की डब्यातून बोलल्यासारखा वाटतो आणि ते नंतर काही करून दुरुस्त होत नाही. आणि दुसरं, वाचून दाखवल्यासारखं आलं. माणूस एकदा जे सहज बोलतो ते ठरवून परत बोलता येत नाही, नटांचं वेगळं.

म्हणून पूर्ण रेकॉर्डिंग मी परत सुरुवातीपासून ऐकलं. फक्त मार्क केलेले भाग बघत बसलो असतो तर ते मिळालंच नसतं. पंचावन्नाव्या मिनिटाच्या आसपास, चहा आला होता, ताईंनी काहीतरी वेगळंच विचारलं आणि दादा अर्धवट हसत म्हणाले:

"डबे रिकामे झाले ओ ताई, सगळा माल गेला. आणि गल्लापण रिकामा."

बास. नाव नाही, गाव नाही, तक्रारसुद्धा नाही, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात लगेच प्रश्न उभा राहतो की माल गेला तर गल्ला रिकामा कसा. माझ्या मते ओपनिंगला याच्याहून जास्त काही लागत नाही. प्रश्न होस्टने विचारायचा नाही, तो ऐकणाऱ्याला पडला पाहिजे.

निर्णयाची जागा तीन: वाक्य खरं आहे का

इथे ताईंनी एक गोष्ट केली जी मला सुचली नसती. त्यांनी दादांना फोन करून विचारलं, गल्ला खरंच रिकामा होता का, कितव्या महिन्यात? कारण धंदेवाल्या लोकांनी हा ट्रेलर ऐकला तर ते पहिले हेच तपासणार.

हिशोब असा निघाला. शेंगदाणे दादा रोखीने घ्यायचे. तेल दुकानांवर ठेवायचे ते उधारीवर, बोली महिन्याची आणि पैसे यायचे दोन महिन्यांनी. सोप्या आकड्यात समजा, महिन्याला १ लाखाचं तेल उधारीवर जातंय आणि पैसे दोन महिन्यांनी येताहेत, तर कुठल्याही दिवशी बघा, साधारण २ लाख लोकांकडे पडलेले असतात. विक्री वाढून दीड लाख झाली की बाहेर ३ लाख, आणि तो वरचा १ लाख कोणी आणायचा तर दादांनीच, दाणे तर रोखीचे. म्हणजे जितकं जास्त विकलं तितका गल्ला खाली. सातव्या महिन्यात दिवाळीची मागणी आली आणि तेव्हाच ते अडकले.

पण एक गोष्ट वाक्यात बसत नव्हती. घाण्यातून तेल निघाल्यावर जी खली उरते ती निम्म्याहून जास्त असते, आणि ती दादा गुरंवाल्यांना रोख विकायचे. म्हणजे रोज थोडे पैसे येत होते! मग गल्ला रिकामा कसा? दादा म्हणाले ताई ते सकाळी यायचे आणि संध्याकाळपर्यंत लाइटबिल आणि पोऱ्याच्या मजुरीत जायचे, गल्ल्यात रात्री काही नसायचं. ठीक, वाक्य टिकलं. पण खलीची गोष्ट एपिसोडमधे आलीच पाहिजे असं ठरलं, कारण खरं तर त्या वर्षात त्यांना तगवलं ते तेलाने नाही, खलीने. मुलाखतीत हे अजिबात आलं नव्हतं, एका ट्रेलरच्या वाक्याची खातरजमा करताना कळलं, आणि त्यासाठी अर्ध्या तासाचं जास्तीचं रेकॉर्डिंग करावं लागलं.

काय केलं

शेवटी सुरुवात अशी झाली:

दादा: "डबे रिकामे झाले ओ ताई, सगळा माल गेला. आणि गल्लापण रिकामा."

ताई: "देवासला लाकडी घाणा टाकला, त्याचा हा सातवा महिना. तेल विकलं जात होतं. पैसे यायचे होते."

काकू: "जूनमधे जेवायला वेळ नाही, आणि सप्टेंबरमधे मशीनवर चादर."

ताई: "महूला शाळेचे युनिफॉर्म शिवतात. बाकीचं वर्ष काय करायचं, हे सुरू करताना कोण सांगतो?"

त्याच्यानंतर पॉडकास्टचं नाव, पहिलं वर्ष त्यांच्याच तोंडून आणि हिशोबासकट, कधी येणार, संपलं. पूर्ण मिनिटाच्या आत. काकूंची ओळ त्यांना फोनवर ऐकवून, स्पष्ट "ट्रेलरमधे लावतोय, सगळ्यांना फुकट ऐकू येणार" असं सांगून घेतली, त्या हसल्या आणि म्हणाल्या लावा की, खरंच आहे ते.

ताईंच्या पहिल्या ओळीच्या शेवटावर जरा वाद झाला. आधी होतं "पैसे अडकले होते". "अडकले" म्हटलं की दुकानदार खलनायक होतो, आणि हिशोब बघितला तर दुकानदारही तसंच वागत होते जसं त्या बाजारात सगळे वागतात. "यायचे होते" जास्त खरं होतं.

आवाजाचं एक काम सांगतो कारण थेट पाहुण्याच्या आवाजावर उघडणारे बरेच ट्रेलर इथेच मार खातात. दादांचा आवाज दुकानातला, हळू. ताईंचा घरी माइकजवळ, मोठा. अ‍ॅपल पॉडकास्टसाठी पूर्ण फाइलच्या आवाजाची पातळी साधारण -१६ एलयूएफएसला ठेवा असं सांगतात आणि आपण एक्सपोर्ट करताना शेवटी तेच बटण दाबतो. पण ते सरासरी बघतं. ताईंचा मोठा आवाज सरासरी भरून काढतो आणि पहिलं वाक्य, जे सगळ्यात महत्त्वाचं, ते तसंच हळू राहतं. म्हणून आधी प्रत्येक क्लिप वेगळी एकमेकांच्या बरोबरीला आणायची आणि मग पूर्ण फाइल. मी इअरफोनवर नाही तर पलासियाच्या चौकात फोन हातात धरून ऐकून बघितलं, पहिल्यांदा "डबे" ऐकूच आलं नाही, "...कामे झाले ओ ताई" असं. वाक्याच्या आधी दुकानातला अर्धा सेकंद नुसता आवाज सोडला, पंख्याचा, तेव्हा कानाला सावरायला जागा मिळाली आणि पहिला शब्द पकडता आला. म्युझिक नाव येईपर्यंत ठेवलंच नाही.

अपलोड करताना ट्रेलर म्हणून टाकायचं विसरू नका, होस्टिंगवाल्याच्या पॅनलमधे पर्याय असतो, फीडमधे ते असं दिसतं:

```
<itunes:episodeType>trailer</itunes:episodeType>
```

नाहीतर तो साधा एपिसोड म्हणून यादीत बसतो आणि खरे एपिसोड आले की खाली दबतो.

निकाल

तीच टेस्ट नव्या लोकांवर परत केली. पंधरा सेकंदांनंतर "तेलाचा धंदा आहे, उधारीचं काहीतरी" असं बहुतेकांनी सांगितलं, आणि दोघांनी तर थांबवल्यावर विचारलं, मग पुढे काय झालं त्याचं. मोटिव्हेशनल कोणी म्हणालं नाही. एकजण मात्र म्हणाले की तेलाच्या ब्रँडची जाहिरात वाटली. त्यावर उपाय आम्हाला सापडला नाही, सोडून दिलं.

ट्रेलर किती जणांनी ऐकला यावरून ओपनिंग चांगलं की वाईट ते ठरवू नये असं माझं मत, पहिले श्रोते सगळे नातेवाईकच असतात. त्यापेक्षा ऐकणं कुठे सुटतं तो ग्राफ बघितला, सुरुवातीची नेहमीची घसरण होतीच, पण मोठी पायरी होती ती शेवटी, नाव-तारीख सुरू झाल्यावर. तिथे गेले तर गेले, जे ऐकायचं ते ऐकून झालं होतं.

देवासला मात्र एक झालं. नाव नव्हतं तरी एका दुकानदाराने दादांना तोंडावर विचारलं, मला बोलला का रे? आणि गंमत म्हणजे तो तो नव्हताच, तो वेळेवर देणारा होता. दादांनी निभावून नेलं, पण त्यांना पुढचे काही दिवस दुकानादुकानात हसत हसत खुलासे करावे लागले. नाव गाळलं म्हणजे ओळख गेली असं नाही. गावात घाणे मोजके आणि त्यांचं तेल ठेवणारी दुकानं मोजकी, तिथे नाव गाळलं की संशय एकाऐवजी सगळ्यांवर वाटला जातो. आम्ही ज्याला वाचवायला नाव काढलं त्याच्यापेक्षा बाकीच्यांना जास्त लागलं.

वेगळं काय करता आलं असतं

एक, "देवासला" हा शब्द. ताईंच्या ओळीत त्याऐवजी "इंदूरच्या शेजारी" म्हटलं असतं तर? मावसभावाचं आजही तेच म्हणणं आहे. ताईंचं म्हणणं गावाचं नाव गेलं की वाक्य परत पहिल्या ड्राफ्टसारखं पातळ होतं. मला वाटतं गाव ठेवायचं पण धंदा मोघम ठेवायचा, किंवा धंदा ठेवायचा आणि गाव मोघम, दोन्ही एकत्र दिलं की छोट्या जागी माणूस नावासकट उघडा पडतो. आणि दादांना आधी एवढंच विचारायला हवं होतं की हे तुमच्या बाजारात कोण कसं घेईल. आम्ही त्यांना वाक्य ऐकवलं, मान्य आहे का विचारलं, ते हो म्हणाले. बाजाराबद्दल विचारलं असतं तर त्यांनी तो दुकानदार आधीच सांगितला असता, त्यांना स्वभाव माहीत आहेत.

दोन, परवानगी. आता मुलाखतीच्या आधी जो कागद देतात त्यात ट्रेलरसाठी वेगळी ओळ आहे, वेगळी सही, आणि कुठलं वाक्य ते लावायच्या आधी ऐकवणार असं लिहिलेलं. ट्रेलर आल्यावर तिसऱ्या पाहुण्याने मुलाखतीला सही केली आणि ट्रेलरची जागा कोरी सोडली. त्याच्या मुलाखतीत दादांच्या वाक्याच्या तोडीचं एक वाक्य आहे. ते एपिसोडमधेच राहील.

काकूंच्या बांगड्यांची क्लिप एपिसोडमधे आहे, पूर्ण, त्यांनी स्वतः ऐकून ठेवायला सांगितली. मावसभाऊ अजून ती पुढच्या ट्रेलरला मागतोय. काकू म्हणाल्या, जूनची गर्दी उरकू द्या, मग घरी सगळ्यांसमोर ऐकवते आणि सांगते.